मसुद्याच्या जागी उरलेले एक अक्षर

Ctrl आणि A ही दोन बटणे एकत्र दाबली की लिहिण्याच्या चौकटीतला सगळा मजकूर निवडला जातो आणि निळा दिसू लागतो. त्या अवस्थेत कोणतेही एक अक्षर टाइप केले, तर निळा झालेला सगळा मजकूर पुसला जाऊन त्याच्या जागी ते अक्षर बसते. मजकूर चार शब्दांचा असो की चार पानांचा, त्याने काही फरक पडत नाही. संगणक कोणतीही सूचना देत नाही, विचारत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा बिघाड नसून ठरवून दिलेली कृती आहे. निवडलेल्या भागावर टाइप केले की नवे अक्षर जुन्याची जागा घेते, हाच नियम एखादा शब्द बदलताना रोज उपयोगी पडतो. इथे निवडलेला भाग म्हणजे संपूर्ण मसुदा असतो, एवढेच.

असे झाल्यावर मजकूर बहुतेक वेळा परत मिळतो. मात्र तो कुठून परत मिळतो हे नेमके ठाऊक असावे लागते. पुसलेला मजकूर त्या उघड्या खिडकीच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, ‘सेव्ह’ झालेल्या ड्राफ्टमध्ये नसतो. पडद्यावर एकच अक्षर दिसताच पुष्कळ जण घाबरून खिडकी बंद करतात आणि ‘ड्राफ्ट सेव्ह झालाच असेल’ या भरवशावर ती पुन्हा उघडतात. मजकूर खरोखर जातो तो त्या क्षणी.

म्हणून पहिली कृती अशी: हात कीबोर्डवरून उचलावा. खिडकी बंद करू नये, पान रिफ्रेश करू नये, मागच्या पानावर जाऊ नये आणि सवयीने Ctrl+S दाबू नये. मग शांतपणे Ctrl आणि Z दाबावे. मॅकवर Ctrl ऐवजी Command. यालाच अनडू म्हणतात. Ctrl आधी दाबून धरावे, मग Z एकदा दाबून सोडावे. काही ठिकाणी एकदा दाबताच सगळा मजकूर परत येतो, काही ठिकाणी पहिल्या वेळी फक्त ते उरलेले अक्षर जाते आणि दुसऱ्या वेळी मजकूर उगवतो. चौकट पूर्ण रिकामी दिसली म्हणून थांबू नये, आणखी दोन-तीन वेळा दाबून पाहावे. घाईत Ctrl नीट दाबले गेले नाही आणि त्यामुळे आणखी एखादे अक्षर टाइप झाले, तरी बिघडत नाही. अनडू मागे जाताना ते अक्षरही काढून टाकतो. एखादी पायरी वाढते, इतकेच. ब्राउझरमध्ये चौकटीत माउसचे उजवे बटण दाबले तर तिथल्या यादीतही Undo असते.

मजकूर परत आला की पुढचा धोका लगेच उभा राहतो. बहुतेक ब्राउझरमध्ये अनडू केल्यावर मजकूर निवडलेल्याच अवस्थेत परत येतो, म्हणजे पूर्वीसारखा निळा. संगणक अक्षर टाइप होण्याच्या आधीची स्थिती जशीच्या तशी परत आणतो, आणि त्या क्षणी सगळे निवडलेले होते. सुटकेचा नि:श्वास टाकून लगेच पुढचे अक्षर टाइप केले, तर तेच पुन्हा घडते. म्हणून मजकूर दिसताच उजव्या बाणाचे बटण दाबावे किंवा मजकुरात कुठेही एकदा क्लिक करावे. निळा रंग गेला याची खात्री करावी आणि मगच लिहायला लागावे.

अपघात नेमका कसा झाला हे उरलेल्या अक्षरावरून बऱ्याचदा कळते. सर्वांत नेहमीचा प्रकार कॉपी करतानाचा आहे. लांब मेल पाठवण्यापूर्वी त्याची एक प्रत हाताशी असावी म्हणून माणूस Ctrl+A आणि पाठोपाठ Ctrl+C दाबतो. दोन्हींमध्ये Ctrl वरचे बोट क्षणभर आधी उचलले गेले, तर कॉपी होण्याऐवजी नुसते C टाइप होते. इंग्रजी कीबोर्ड चालू असेल तर चौकटीत c उरतो. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर ‘म’ उरतो, कारण इनस्क्रिप्टमध्ये C च्या बटणावर ‘म’ आहे. कापण्यासाठी Ctrl+X दाबताना हीच चूक झाली, तर X च्या बटणावरचा अनुस्वार एकटाच उरतो. आधाराला अक्षर नसल्यामुळे तो बऱ्याच फाँटमध्ये ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. V वर ‘न’ आहे, त्यामुळे पेस्ट करताना चूक झाली तर ‘न’ उरतो.

ही माहिती वापरण्याजोगी आहे. चौकटीत ‘म’ किंवा c उरला असेल, तर कॉपी झालेलीच नाही. अशा वेळी Ctrl+V दाबून मजकूर मिळणार नाही. त्याआधी कॉपी केलेले भलतेच काहीतरी येईल. ‘न’ किंवा v उरला असेल, तर कॉपी त्याआधी बहुधा व्यवस्थित झालेली असते. अनडू चालला नाही तरी नवी रिकामी फाइल उघडून तिथे पेस्ट करून पाहण्यात अर्थ आहे.

दुसरा प्रकार मराठीत इनस्क्रिप्टने टाइप करणाऱ्यांच्या खास वाट्याला येतो. इनस्क्रिप्टमध्ये अर्धी वर्णमाला Shift दाबून येते: ‘ख’, ‘घ’, ‘थ’, ‘ळ’, ‘श’, शिवाय ‘आ’, ‘इ’, ‘ओ’ असे सुटे स्वर. त्यामुळे डाव्या हाताची करंगळी सतत Shift वर जाते, आणि बहुतेक कीबोर्डवर Ctrl त्याच्या लगेच खाली असते. ‘ओ’ हा स्वर Shift आणि A दाबून येतो. करंगळी एक ओळ खाली घसरली की तेच बटण Ctrl+A होते. मराठी मांडणी चालू असली तरी Ctrl चे शॉर्टकट इंग्रजी बटणांप्रमाणेच काम करतात, म्हणून ‘ओ’ उमटण्याऐवजी सगळा मजकूर निवडला जातो.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव एका सभासदाच्या गळतीच्या तक्रारीला मेलने उत्तर लिहीत आहेत. जीमेलमध्ये दोन संध्याकाळी मिळून हजारभर शब्द झाले आहेत: पाहणीच्या तारखा, ठेकेदाराचे अंदाजपत्रक, सभेचे ठराव. आता वाक्य आहे, ‘वरील तपशिलातील तिसरी ओळ पाहावी.’ ‘तिसरी’ टाइप झाले, स्पेस दिली, आणि ‘ओ’साठी करंगळी Shift ऐवजी Ctrl वर पडली. पडदा निळा झाला, पण नजर कीबोर्डवर होती. पुढचे ‘ळ’ Shift आणि N ने येते. या वेळी करंगळी बरोबर जागी पडली. हजार शब्द गेले आणि ‘ळ’ राहिला.

सचिवांनी त्याच क्षणी वर पाहिले असते, तर एक-दोन अनडूत काम झाले असते. पण खाली पाहूनच त्यांनी वाक्य पुरे केले. मान वर केली तेव्हा चौकटीत एवढेच होते: ‘ळ पाहावी.’ इथे अनडू थोडा जास्त वेळा दाबावा लागेल, कारण ‘ळ’नंतर टाइप केलेली अक्षरे आधी जातील आणि मग मसुदा येईल. तसा तो आला, निळा होऊन आला. त्यांनी क्लिक न करता तुटलेला शब्द पुरा करायला घेतला, Shift+A दाबले, या वेळी अगदी अचूक, आणि चौकटीत फक्त ‘ओ’ उरला. पुन्हा Ctrl+Z, पुन्हा निळा मजकूर, आता उजवा बाण. कर्सर मजकुराच्या शेवटी गेला, निळा रंग गेला. मग ‘ओळ पाहावी’ एवढे टाइप करून काम पुढे सुरू झाले. दोन वेळा गेलेले हजार शब्द दोन्ही वेळा परत आले, कारण या सगळ्यात मेलची खिडकी एकदाही बंद झाली नाही.

खिडकी बंद झाली असती तर काय झाले असते, हे ऑटोसेव्हच्या पद्धतीवर अवलंबून असते. जीमेल लिहिता लिहिता, थोडी उसंत मिळताच ड्राफ्ट सेव्ह करते. ते फक्त ताजी प्रत ठेवते. कालची प्रत, तासाभरापूर्वीची प्रत असा इतिहास ठेवत नाही. म्हणजे चौकटीत ‘ळ’ उरल्यावर काही सेकंदांतच Drafts मध्ये जुन्या मसुद्याच्या जागी ‘ळ’ जाऊन बसतो. जी सोय वीज गेल्यावर मसुदा वाचवते, तीच या अपघातात त्याच्यावर बोळा फिरवते. खिडकी उघडी असेपर्यंत याला उपाय आहे: अनडूने मजकूर परत आणला की पुढच्या ऑटोसेव्हला तोच पूर्ण मजकूर सेव्ह होतो. खिडकी बंद करून ड्राफ्ट पुन्हा उघडला की अनडूला मागे जायला काही उरत नाही.

तरीही एक शेवटची वाट करून पाहता येते. तोच मेल खाते फोनवर असेल आणि फोनवरच्या ॲपमध्ये तो ड्राफ्ट आधी येऊन गेला असेल, तर जुनी प्रत तिथे असण्याची शक्यता असते. मात्र ॲप उघडण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद झाले पाहिजेत, नाहीतर ॲप उघडताच नवी एका अक्षराची प्रत खाली उतरेल. जुना मजकूर दिसला तर फोन ऑफलाइन असतानाच तो कॉपी करून नोट्समध्ये ठेवावा. ही वाट दर वेळी साधत नाही, पण खर्च काही नाही.

वर्डमध्ये गणित उलटे आहे. फाइल संगणकाच्या डिस्कवर असेल आणि ऑटोसेव्ह चालू नसेल, तर सेव्ह केल्याशिवाय डिस्कवरची प्रत बदलत नाही. अनडू काही कारणाने चालला नाही, तर सेव्ह न करता फाइल बंद करावी. विचारणा झाल्यावर Don't Save निवडावे. पुन्हा उघडल्यावर शेवटच्या सेव्हपर्यंतचा मजकूर मिळतो. मधली भर जाईल, पण मसुदा वाचेल. या ठिकाणी सवयीने दाबलेले Ctrl+S फार महागात पडते. फाइल वनड्राइव्हवर असेल तर ऑटोसेव्ह एका अक्षराचीही प्रत वर पाठवते, पण तिथे आवृत्त्यांचा इतिहास असतो: File, मग Info, मग Version History. गूगल डॉक्समध्येही File मधल्या Version history तून आधीची आवृत्ती काढता येते आणि फाइल बंद झाली असली तरी काढता येते. लिब्रेऑफिसमध्ये File खालचे Reload शेवटची सेव्ह केलेली प्रत उघडते.

वेबसाइटवरचे अर्ज आणि तक्रारीचे रकाने या सगळ्यांत कच्चे असतात. तिथे ऑटोसेव्ह बहुधा नसते, आवृत्त्या नसतात, आणि पान मधेच लॉगआउट होऊ शकते. केंद्र सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवर अर्जाच्या रकान्यात ३,००० अक्षरांपर्यंत मजकूर भरता येतो. तेवढा मजकूर थेट रकान्यात टाइप करणे म्हणजे एका खिडकीच्या स्मृतीवर सगळा भार टाकणे. असा मजकूर बाहेर वर्डमध्ये किंवा डॉक्समध्ये लिहून मग रकान्यात पेस्ट करावा.

फोनवर Ctrl नसते. शब्दावर बोट दाबून धरल्यावर येणाऱ्या पट्टीतील Select all ला धक्का लागतो आणि पुढच्या अक्षराला मजकूर जातो. आयफोनवर तीन बोटांनी पडद्यावर डावीकडे सरकवले की अनडू होतो. फोन हलवल्यावरही अनडूची विचारणा येते, ती सोय सेटिंगमध्ये बंद केलेली नसेल तर. अँड्रॉइडवर सगळीकडे चालेल अशी एकच रीत नाही. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत किंवा ॲपच्या माथ्यावर मागे वळणारा बाण आहे का, हे लांब मजकूर लिहिण्याआधीच पाहून ठेवावे. तो नसेल तर त्या ॲपमध्ये लांब लिहू नये.

हा अपघात संगणकाच्या इतिहासात बराच जुना आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा संपादक तयार केला. त्यात दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत अक्षरे टाइप होत, दुसरीत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा असे. आपण टाइप करण्याच्या अवस्थेत आहोत असे समजून कोणी edit हा शब्द टाइप केला, पण प्रत्यक्षात आज्ञेची अवस्था चालू असली, तर e ने सगळा मजकूर निवडला जाई, d ने तो पुसला जाई, i ने लिहिण्याची अवस्था सुरू होई आणि t टाइप होई. पूर्ण दस्तऐवजाच्या जागी t हे एकच अक्षर. संगणक वापरण्याच्या पद्धतींचा अभ्यास करणारे हे उदाहरण आजही देतात, कारण त्यात दोष वापरणाऱ्याचा नसून रचनेचा आहे. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी अशा दडलेल्या अवस्थांविरुद्ध आयुष्यभर आग्रह धरला आणि टिम मॉट यांच्यासह जिप्सी हा नवा संपादक घडवला. आजचे कट, कॉपी, पेस्ट त्याच कामातून आले. आज्ञेची वेगळी अवस्था गेली, पण मजकूर निवडलेला असणे ही स्वतःच एक अवस्था आहे आणि कीबोर्डकडे पाहून टाइप करणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून ‘ळ’ने तेच केले जे पन्नास वर्षांपूर्वी t ने केले होते.

टाळण्याचे उपाय मोजकेच आहेत. वर्डमध्ये हा नियमच बंद करता येतो: File, Options, Advanced या क्रमाने जाऊन Typing replaces selected text समोरची खूण काढावी. मग सगळे निवडलेले असताना अक्षर टाइप केले तरी मजकूर पुसला जात नाही, अक्षर त्याच्याआधी उमटते. इनस्क्रिप्टने रोज लिहिणाऱ्याने हा बदल करून घ्यावाच. एखादा शब्द बदलताना तो आधी Delete ने काढावा लागेल, ही गैरसोय क्षुल्लक आहे. जीमेलच्या चौकटीत अशी सोय नाही. म्हणून दोन-तीन परिच्छेदांपेक्षा मोठा मेल तिथे लिहू नये.

विंडोजवर Windows आणि V दाबून क्लिपबोर्डचा इतिहास एकदा चालू करून ठेवावा. त्यात शेवटच्या २५ कॉपी राहतात आणि जुनी कॉपी निवडून पेस्ट करता येते. संगणक रीस्टार्ट केला की, पिन केलेल्या सोडून, त्या जातात. हा इतिहास आधीपासून चालू असावा लागतो. अपघातानंतर चालू करून मागचे काही मिळत नाही. टाइप करण्याची सवय बदलणे अवघड असले तरी एक गोष्ट सहज जमते: ‘ओ’, ‘इ’, ‘आ’ ही डाव्या हाताची अक्षरे घेताना उजव्या बाजूचे Shift वापरावे. मग डावी करंगळी Ctrl च्या आसपासही जात नाही.

उरतो प्रश्न एका अक्षराचा मेल खरोखर निघून जाण्याचा. जीमेलमध्ये Ctrl आणि Enter दाबले की मेल जातो, त्यामुळे Ctrl वर पडलेली करंगळी तेही करून बसू शकते. पाठवलेला मेल थांबवण्याची मुदत सुरुवातीला ५ सेकंदांची असते. Settings मधील Undo Send मध्ये ती ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते आणि वाढवावीच. पण थांबवलेला मेल परत आला तरी तो ‘ळ’चाच मेल असतो, गेलेला मजकूर त्यासोबत येईलच असे धरून चालू नये. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे To चा रकाना सर्वांत शेवटी भरणे. पत्ता नसेल तर मेल जाऊच शकत नाही. उत्तर देताना पत्ता आपोआप भरलेला असतो, तो काढून टाकावा आणि मजकूर वाचून झाल्यावर पुन्हा घालावा. व्हॉट्सॲपवर चुकीचा संदेश गेला तर १५ मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो. तेवढ्या वेळात मूळ मजकूर सापडला, तर त्या एका अक्षराच्या जागी पूर्ण मजकूर घालता येतो. नाही सापडला तर संदेश सर्वांसाठी डिलीट करून दोन ओळींत कळवावे की मजकूर पुन्हा पाठवला जाईल.